डावं पान, उजवं पान: मामांच्या टपरीचा हिशेब

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्ल्यांच्या तोंडाशी माझ्या मामांची चहाची टपरी आहे. पत्र्याची, आठ बाय दहाची, बाहेर एक बाकडं. गेल्या वर्षी त्यांचा धाकटा पुण्याहून परत आला. तीन वर्षं तिथे एका मोठ्या चहाच्या दुकानात काउंटरवर होता. आल्या आल्या त्याने वडिलांपुढे मोबाईल धरला: नवा बोर्ड, आत चार टेबलं, स्टीलचं काउंटर, विजेचा बॉयलर, कुल्हडमधला पंधरा रुपयांचा चहा. केटली बंद. मामांनी मोबाईल परत दिला आणि आलं ठेचायला घेतलं. पंधरा दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

मग मामा एका रात्री माझ्याकडे आले. मी दुकानदारांच्या वह्या लिहितो, रिटर्न भरतो. म्हणाले, "का बे, तुला हिशेब कळतोय म्हणतात. एका बाजूला माझं लिही, एका बाजूला त्याचं. मग बघू." मी एक दोनशे पानी वही घेतली. डावं पान मामांचं, उजवं धाकट्याचं. तीन महिने ती वही भरत गेली. अनेक घरांत हाच वाद चालू असतो, म्हणून मामांना विचारून त्यातलं थोडं इथे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की, डाव्या पानावर मी 'चहाची टपरी' असं लिहिलं ते चुकीचं निघालं. महिनाभर रोज कप मोजले. टपरीवर उभं राहून पिणारे दिवसाला सरासरी ११०. केटलीतून मागावर जाणारे २१०. म्हणजे मामांचा धंदा टपरीचा नाहीच, केटलीचा आहे. टपरी ही केटली भरायची जागा, आणि जाता येता कोणी थांबलं तर त्यालाही चहा. स्वतः मामांनाही हे आकडे बघून नवल वाटलं, कारण ते दिवसभर उभे असतात टपरीत आणि त्यांना दिसतं ते टपरीवरचं गिऱ्हाईक.

केटली नेतात ते काका एकावन्न वर्षांचे. दिवसातून चार फेऱ्या. सव्वातीन लिटरची केटली, तिला जुन्या चादरीचा तुकडा दोऱ्याने गुंडाळलेला, म्हणजे शेवटच्या गल्लीपर्यंत चहा गरम राहतो. साठ मिलीचा कप, आठ रुपये. कारखान्यात आवाज एवढा की हाक ऐकू येत नाही, म्हणून मागावाले बोटं दाखवतात, एक किंवा दोन. बाहेर उभा असला तर तेलुगूत "अन्ना, रेंडु टी" म्हणतो, म्हणजे दोन चहा. पैसे बहुतेक मालकाच्या खात्यावर, पगाराच्या दिवशी हिशेब.

आता डाव्या पानाचा रोजचा हिशेब. केटलीचे १,६८०, टपरीचे दहा रुपयांप्रमाणे १,१००, मिळून २,७८०. खर्चात चौदा लिटर म्हशीचं दूध ८४० चं, पत्ती २२५, साखर १००, आलं २०. गॅसची मोठी टाकी, एकोणीस किलोची, सतरा-अठरा दिवस जाते, तिचे रोजचे १०५ धरले. काकांची मजुरी ४००, जागाभाडं आणि लाईट मिळून ९०. हातात राहतात हजार. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर सव्वीस हजार, त्यातून चौदाशेच्या आसपास उधारी बुडते. एखादा कारखाना बंद पडतो, मालक फोन उचलत नाही, संपलं. मामा-मामी पहाटे चारला उठून रात्री आठपर्यंत राबतात, त्या दोघांच्या मजुरीसकट हा आकडा आहे. मामींना तो सांगितला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे माझे किती?" त्यावर कोणी बोललं नाही.

उजव्या पानाचा खर्च धाकट्याने नीट काढून आणला होता, हे कबूल करायला हवं. सगळं मिळून ३ लाख ४० हजार. चाळीस हजार घरचे, तीन लाख कर्ज. तीन वर्षांची मुदत आणि बारा टक्के व्याज धरलं तर हप्ता बसतो ९,९६४ रुपये, म्हणजे कामाच्या दिवसाला ३८३. दोन पोरं कामाला ठेवायची, ८००. भाडं तेच ६०, लाईट वाढून १२०. दिवस उजाडायच्या आत १,३६३ रुपये अंगावर. त्यात मामांचे आजचे हजार मिळवले की रोज २,३६३ सुटायला हवेत, तरच घर आज आहे तिथे राहील.

आता एका कपात काय सुटतं ते बघा. मामांच्या पद्धतीने केलेला चहा गॅस धरून लिटरला साठ रुपयांना पडतो. नव्वद मिलीचा कप म्हणजे पाच रुपये चाळीस पैसे. पंधराला विकला, काचेच्या ग्लासात दिला, तर नऊ साठ सुटतात आणि २४६ कप लागतात. तोच कुल्हडमध्ये दिला तर कुल्हडचे तीन रुपये जातात, सुटतात सहा साठ, आणि कप लागतात ३५८. टपरीवर आज पितात ११०. मोबाईलमध्ये सुंदर दिसणारा तो मातीचा कप एकट्याने ११२ गिऱ्हाइकं मागतो, आणि वापरून फेकून द्यायचा. मी तरी कुल्हडवर तिथेच फुली मारली. धाकटा चिडला, पण आकडे त्याच्याच कागदातले होते.

मग ग्लास का नको? इथे मात्र उजव्या पानाची बाजू खरी होती आणि मामांची पडती. टपरीत ग्लास बादलीत बुचकळले जातात. सकाळी पाणी स्वच्छ असतं, दहा वाजेपर्यंत ते चहाच्या रंगाचं होतं. मामांचं म्हणणं, पाणी कुठून आणू? सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको. नळ दिवसाआड आला तरी लोक नशीब समजतात, चार-पाच दिवसांचं अंतर आमच्या अंगवळणी पडलेलं. मामांच्या वडिलांच्या काळापासून बादली चालत आली, म्हणून ती परंपरा वाटते. ती परंपरा नाही, ती पाण्याची टंचाई आहे. धाकट्याने यावर भांडणं सोडून एक गोष्ट केली. दोनशे लिटरचा ड्रम उंच चौथऱ्यावर ठेवला, खाली तोटी, तोटीखाली स्टीलचं बेसिन. वाहत्या बारीक धारेखाली ग्लास विसळला तर पाणी बादलीपेक्षा फार जास्त लागत नाही, एवढं आठवड्यात दिसलं. खर्च ११,५०० रुपये. पूर्ण योजनेत बोर्डाचाच खर्च याच्या दुप्पट होता.

ड्रमचं काम चालू असताना मामा बाकड्यावर बसून होते. म्हणाले, "आबा असते तर बोलले असते." आबा म्हणजे त्यांचे वडील, मिलच्या फाटकावर केटली घेऊन उभे राहायचे. मिल बंद पडल्यावर त्यांनीच केटली उचलून यंत्रमागांच्या गल्लीत आणली. म्हणजे आबांनीही एकदा दुकान बदललंच होतं. मी हे बोलून दाखवलं तर मामा म्हणाले, "त्यांनी जागा बदलली, चहा नाही." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, कारण पुढचा वाद नेमका चहावरच झाला.

धाकट्याने एका ओळखीच्याकडून दहा लिटरचा विजेचा बॉयलर आठ दिवसांसाठी मागून आणला. पहिल्याच दिवशी त्याने कच्चं दूध, ठेचलेलं आलं आणि पाणी एकदमच घातलं आणि बटण दाबलं. दूध फाटलं, पाच लिटर. ताज्या आल्यात दूध फाडायचा गुण असतो, तो उकळीला जातो. म्हणून मामा आधी पाण्यात आलं आणि साखर घालतात, खळखळून उकळतात, मग पत्ती, आणि दूध शेजारच्या पातेल्यात आधीच तापवलेलं असतं ते शेवटी. मामांना यातलं शास्त्र ठाऊक नाही, क्रम ठाऊक आहे. पुण्यात धाकटा तयार पावडरवर काम करत होता, त्यामुळे हा क्रम त्याच्या हाताला लागलाच नव्हता.

पण दुसऱ्या दिवसापासून त्याने क्रम पाळला आणि बॉयलरचा चहा बरा झाला. तुलना करायची तर इथे नीट करायला हवी. चहा कशावर उकळला यापेक्षा तो उकळून किती वेळ झाला याने चव जास्त बदलते. मामांचं पातेलं पंचवीस कपांचं, आणि केटलीच्या वेळेला ते पंधरा मिनिटांत रिकामं होतं. म्हणून तो चहा चांगला लागतो. दुपारी दोन ते तीन, माग जेवणासाठी थांबलेले, तेव्हा तेच पातेलं मंद आचेवर अर्धा तास बसतं. पत्ती बारीक डस्टची, ती रंग लगेच देते पण राहिली की कडू होते, वर साय धरते. त्या वेळेला मामांचाही चहा वाईट असतो. मी भाचा आहे म्हणून सांगू शकतो. उलट बॉयलरमध्ये गाळलेला चहा बेताच्या उष्णतेवर ठेवता येतो, पत्ती आत नसते, तर पाऊण तास तो बरा राहतो. थोडक्यात, गिऱ्हाईक लाटेने येत असेल तर पातेलं, आणि एकेक करून येत असेल तर बॉयलर.

बॉयलरची खोड आठव्या दिवशी कळली. पाणी तापायला वेळ लागायला लागला आणि तळातून कडकड आवाज. आत हात घातला तर कॉइलवर पांढरी खरपुडी. नळाचं पाणी संपल्यावर दोन दिवस बोअरचं वापरलं होतं. आमच्या भागातलं बोअरचं पाणी जड, त्यातला क्षार तापल्यावर कॉइलवर बसतो. पातेल्यातही बसतो, पण पातेलं मामी रोज राखेने घासतात, त्यामुळे दिसत नाही. कॉइलवर बसला की वीज जास्त खाते आणि शेवटी कॉइल जळते. लिंबूसत्त्व घातलेलं पाणी उकळून तासभर ठेवलं तर खरपुडी सुटते, पण ते दर आठवड्याला करावं लागेल. जड पाण्याने चहाचा रंगही मळकट होतो आणि वर एक पातळ तवंग येतो, तो दिसला की पाणी बोअरचं आहे हे ओळखावं. मामा चहासाठी नळाचंच पाणी वेगळ्या घागरीत राखतात, त्याचं कारण आम्हाला तेव्हा कळलं. बॉयलर परत गेला.

तयार ब्रँडची शाखा घेण्याचाही एक पर्याय उजव्या पानावर कोपऱ्यात होता. त्यांनी मागितलेली आगाऊ रक्कम, त्यांचीच पत्ती आणि मसाला घ्यायची अट, आणि रस्त्यावरची मोठी जागा. मागाच्या गल्लीत त्यांनी शाखा दिलीच नसती. तो पर्याय एका ओळीत संपला.

टेबलांचा प्रश्न मात्र करून बघण्यासारखा होता. कर्ज काढायच्या आधी धाकट्याने मंडपवाल्याकडून दोन घडीची टेबलं आणि आठ खुर्च्या भाड्याने आणल्या, संध्याकाळी पाचनंतर मांडल्या. पंधरा दिवस मी रोज कप लिहिले. ११० चे १३८ झाले. वाढलेले २८ बहुतेक जवळच्या अभ्यासिकेतली मुलं. चांगली पोरं, पण एक चहा घेऊन तास तास बसायची, पुढ्यात चालू घडामोडींचं पुस्तक. मामांना त्यांच्याशी बोलायला आवडायला लागलं, ते वेगळं. हवे होते २४६, तेसुद्धा पंधरा रुपये भावाने. मिळाले १३८, तेसुद्धा दहा रुपयांना. रस्ताच तसा आहे. आठनंतर तिथून जाणारा माणूस घरी जाणारा असतो, चहाला थांबणारा नाही. टेबलं आली म्हणून रस्ता बदलत नाही.

इथपर्यंत वाचून मामा जिंकले असं वाटेल. मामांनाही तसंच वाटलं होतं. मग मी त्यांच्या जुन्या वह्या मागितल्या.

ते केटलीच्या खात्यांची नोंद ठेवतात, कारखान्यावार. दहा वर्षांपूर्वी केटलीचे कप होते दिवसाला ३४०. आज २१०. वर्षाला तेरा कप गळतात, आणि चहा वाईट झाला म्हणून नाही. कारखाने बदलतायत. एका मालकाने जुने धोट्याचे माग काढून नवे रॅपियर माग आणले, चौदा माणसांच्या जागी पाच राहिली. दुसऱ्याने शेड भाड्याने गोडाऊनला दिली. धाकट्याने जे मामांना करायला सांगितलं ते मामांच्या गिऱ्हाइकांनी आधीच केलं होतं.

केटलीच्या एका कपात चार रुपये चाळीस पैसे सुटतात. काकांची मजुरी चारशे. म्हणजे साधारण ९१ कपांना केटली फक्त काकांचं पोट भरते, मामांना काही देत नाही. वर्षाला तेराने उतरत गेलं तर त्या आकड्याला यायला नऊ वर्षं. तेव्हा काका साठीचे असतील आणि मामा सदुसष्ट वर्षांचे. मी हे वाचून दाखवलं. मामा बराच वेळ वहीकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे माझ्यापुरतं पुरतंय." आणि लगेच, जरा हळू, "त्याचं काय?"

खरा प्रश्न हाच होता आणि तो कुठल्याच पानावर लिहिलेला नव्हता. टपरी जशी आहे तशी दोन म्हाताऱ्या माणसांना पुरते. एका तरुण माणसाचा संसार त्यात बसत नाही. संध्याकाळचे वाढलेले २८ कप रोजचे १४५ रुपये देतात. त्यावर कोणी लग्न करत नाही. आणि उजवं पान तरुण माणसाला जागा देतं, पण त्यासाठी मामांची २१० कपांची केटली मोडायला सांगतं. चालू विहीर बुजवून नवी खणायची, त्यातली गत.

तोड सुचली ती मामींना. त्यांची धाकटी बहीण गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात काजं-बटणं करते. शाळांचे युनिफॉर्म शिवणारे असे कारखाने सोलापुरात बरेच आहेत, आणि आमच्या भागात दोन मजल्यांवर चाळीस-चाळीस मशिनी असलेलेही आहेत. मामी म्हणाल्या, "तिकडं चहा पिशवीतून येतोय, प्लास्टिकच्या. थंडगार." धाकटा दुसऱ्या दिवशी जाऊन तीन कारखाने फिरून आला. त्याने दुसरी केटली घेतली. आणि पुण्यात शिकलेलं तिथे कामाला आलं: सुपरवायझरच्या मोबाईलवर सकाळी विचारायचं किती कप, तेवढेच न्यायचे, म्हणजे केटलीत उरून फेकायला लागत नाही. भाव नऊ रुपये. खातं नाही, रोजच्या रोज, क्यूआर कोड गळ्यात अडकवलेला.

त्या क्यूआरच्या बोलणाऱ्या डब्यावरून शेवटचं भांडण झालं. मामा म्हणाले, "दुकानात यंत्र बोलायला लागलं तर माणसानं काय करायचं?" पण यूपीआयच्या साध्या व्यवहाराला दुकानदाराकडून टक्केवारी कापली जात नाही, डब्याचं महिन्याचं भाडं तेवढं द्यावं लागतं, आणि सुट्ट्या पैशांपायी दोन रुपये सोडून द्यायचं थांबतं, हे मी दाखवलं. डबा टपरीत दुधाच्या कपाटावर बसला. जुन्या मागांची खाती आणि काकांची केटली तशीच राहिली. उधारीचा दरवाजा बंद केला तर काही कारखान्यांतून केटली आत जाणार नाही, हे धाकट्यालाही पटलं.

तिसऱ्या महिन्यात दुसरी केटली नव्वद कपांवर आली. नऊ रुपयांच्या कपात पाच चाळीस सुटतात, रोजचे ४८६, महिन्याचे साडेबारा हजार. पुण्यात त्याला चौदा मिळायचे, त्यातले चार खोलीभाड्यात आणि तीन खानावळीत जायचे. तो खूश आहे असं मी म्हणणार नाही. बोर्डाचं चित्र अजून त्याच्या मोबाईलमध्ये आहे. एकूण खर्च झाला ड्रम, बेसिन, दुसरी केटली आणि आठ नव्या खुर्च्या मिळून एकोणीस हजार, कर्ज न काढता. अन्न नोंदणीचं नूतनीकरण राहिलं होतं, वर्षाला शंभर रुपयांचं, तेही मी त्याच आठवड्यात भरून टाकलं. कारखान्याच्या सुपरवायझरने ते आधी मागितलं होतं.

परवा सकाळी वही परत द्यायला गेलो होतो. मामा गाळणीचं फडकं पिळत होते. कपाटावरचा डबा बोलला, "सत्तावीस रुपये प्राप्त झाले." दहाच्या पटीत नाही म्हणजे टपरीचे नाहीत, आठच्या पटीत नाही म्हणजे काकांचे नाहीत. मामांनी फडकं झटकलं.

"नऊ त्रिक सत्तावीस," म्हणाले. "पोचला बे तो. पातेलं ठेव."